न आवडलेल्या आहेरासाठी आभाराचं पत्र लिहायचंय, खोटं न लिहिता

ओसरीवरची
मंडळी, मदत हवी आहे. वैशाखात नव्या घराची वास्तुशांत केली. नवऱ्याच्या मिरजेच्या मामींना प्रवास झेपत नाही म्हणून त्या आल्या नाहीत. गेल्या आठवड्यात त्यांचं पार्सल आलं. त्यात स्वतः विणलेली क्रोशाची आच्छादनं आहेत, सोफ्याच्या पाठीवर टाकायची पाच आणि टीपॉयचा मोठा रुमाल एक. रंग राणी आणि पोपटी. आमचा सोफा करडा, भिंती पांढऱ्या, आणि खरं सांगायचं तर मला सोफ्यावर काहीच टाकायला आवडत नाही, पांढरं असतं तरी नसतं टाकलं.

सोबत चिठ्ठी होती: "डोळ्याचं ऑपरेशन व्हायच्या आत हातावेगळं केलं. गोड मानून घे." मामी चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि त्या अजून पत्र लिहितात, त्यामुळे उत्तरही पत्रानंच द्यायचंय. मी लिहिलेला मजकूर असा:

"ती. मामी, तुम्ही पाठवलेली आच्छादनं अतिशय सुंदर आहेत. आमच्या सोफ्याला अगदी शोभून दिसतात. येणारे-जाणारे विचारतात, कुठून आणली. तुमचे आभार मानावे तेवढे थोडेच."

लिहून झालं आणि पाकीट बंद करवेना. यातलं एकही वाक्य खरं नाही. आच्छादनं अजून कपाटात आहेत. नवरा म्हणतो, "एवढा काय विचार करतेस, पाठवून टाक." तुम्ही काय केलं असतं?

तिखटमीठ
पाठवून टाका. म्हाताऱ्या माणसाला चार गोड शब्द लिहिले तर कोणतं पाप लागतं? प्रामाणिकपणा कोर्टात दाखवायचा असतो, मामीसासूबाईंना नाही.

खडूफळा
तिखटमीठ, मीही असंच समजायचे. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला आतेसासूबाईंनी मोत्यांचं तोरण दिलं. मी लिहिलं, "खूप खूप आवडलं, दारावरून नजर हलत नाही." पुढच्या वर्षी मोत्यांचा गणपती आला. मग मोत्यांचा रुखवताचा सेट, लेकीच्या बारशाला मोत्यांचं घुंगुरवाळं, मोत्यांनी मढवलेला नारळ. अकरा वर्षं झाली. दोष त्यांचा नाही, मीच तर सांगितलं होतं की मला मोत्यांचं आवडतं! आता कुठल्या तोंडानं सांगू?

सडेतोड_सातारकर
म्हणूनच पहिल्या फटक्यात खरं सांगावं. "मामी, मेहनत दिसते, पण रंग आमच्या घराला जुळत नाहीत, पुढच्या वेळी आधी विचाराल का?" संपला विषय. आपल्याकडे लोक उगाच घोळ घालतात.

ओसरीवरची
सातारकर, हे वाक्य मी मनात म्हणून बघितलं. मामी ते एकदाच वाचतील आणि नंतर सुईला हात लावणार नाहीत. ते मला नकोय.

पोस्टातला_बाबू
पोस्टात छत्तीस वर्षं काढली. त्यातली सुरुवातीची बरीच लोकांची पत्रं लिहून देण्यात गेली, कारण लिहिता न येणारी बायामाणसं काउंटरवर येऊन सांगायची आणि आम्ही लिहायचो. न आवडलेल्या वस्तूंची आभारपत्रंही लिहिली आहेत, म्हणून दोन गोष्टी बोलतो.

तुमच्या पत्रातल्या प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारा. हे खरं आहे का? आणि हे वाचून मामी पुढे काय करतील? दुसरा प्रश्न लोक विसरतात. "शोभून दिसतात" असं लिहिलंत तर मामी म्हणतील, फोटो पाठव. "येणारे-जाणारे विचारतात" असं लिहिलंत तर मामी उद्या दोऱ्याच्या दुकानात जातील आणि तुमच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठीही विणायला घेतील. खडूफळाताईंचं तेच झालं. खोट्या कौतुकाकडे समोरचा माणूस पुढची मागणी म्हणून बघतो.

सातारकरांचं वाक्य पहिल्या प्रश्नात पास होतं, दुसऱ्यात नापास. आभाराच्या वाक्यात "पण" आला की वाचणाऱ्याच्या हातात "पण"नंतरचं तेवढंच उरतं. त्यातून पत्र म्हणजे कागद. बोललेलं विरून जातं, पत्र ट्रंकेत राहतं आणि दहा वर्षांनी पुन्हा वाचलं जातं.

मग लिहायचं काय? आधी एक सांगा, ती आच्छादनं तुम्ही कपाटातून काढून नीट बघितलीत का?

ओसरीवरची
खरं सांगू का, पार्सल उघडलं, रंग बघितला आणि मिटून ठेवलं.

पोस्टातला_बाबू
मग तुम्हाला लिहायला काही सापडत नाही यात नवल नाही. "अतिशय सुंदर" हे न बघताही लिहिता येतं आणि वाचणाऱ्याला ते कळतं. बाहेर काढा, उजेडात धरा, मोजा. मग लिहा.

कॅलिफोर्नियाची_माई
इकडे बरं असतं बाई. आहेराच्या यादीवर आपणच वस्तू टाकतो, न आवडलं तर पावती दाखवून बदलून आणतो, आणि आभाराचं छापील कार्ड मिळतं, खाली फक्त सही करायची. तुम्ही मामींना पावती मागितलीत का?

तिखटमीठ
माई, मामींनी हाताने विणलंय. पावती डोळ्यांच्या डॉक्टरची मिळेल फार तर.

कॅलिफोर्नियाची_माई
अरे हो, वाचताना निसटलं. सॉरी हं.

एक_खांब_दोन_साखळ्या
क्रोशाचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं. ओसरी, पाठीमागची बाजू बघून सांगशील? नुसती नक्षी बघू नकोस. एकेक चक्र वेगळं विणून नंतर सुईदोऱ्यानं शिवलंय की विणतानाच शेवटच्या फेरीत शेजारच्या चक्राला जोडत नेलंय? शिवलेलं असेल तर मागे टाक्यांची रेघ किंवा गाठी हाताला लागतात. जोडत नेलेलं असेल तर मागची-पुढची बाजू जवळपास सारखी दिसते.

ओसरीवरची
आत्ता जेवणं झाल्यावर सगळं जमिनीवर पसरून बसले. मागे एकही गाठ नाही. प्रत्येक आच्छादनात तीन ओळींत चार-चार चक्रं आहेत, म्हणजे बारा. पाचांची साठ. रुमालात चोवीस. प्रत्येक चक्रात सहा फेऱ्या, पहिल्या चार पोपटी, शेवटच्या दोन राणी. कडेला सगळीकडे बारीक कंगोरे. आणि एक गंमत सापडली. एका आच्छादनाच्या कोपऱ्यातल्या चक्रात पाचवी फेरी पण पोपटीच आहे, राणी फक्त शेवटची.

एक_खांब_दोन_साखळ्या
चौऱ्याऐंशी चक्रं! हात बसलेल्या बाईला सहा फेऱ्यांच्या एका चक्राला बारीक दोऱ्यात पाऊण तास धर. त्रेसष्ट तास झाले, आणि कडेचे कंगोरे वेगळेच. या वयात एका बैठकीला तासाच्या वर मान खाली घालवत नाही, म्हणजे रोज बसल्या तरी दोन महिने सहज. शिवाय जोडत न्यायचं तर प्रत्येक चक्र नेमकं त्याच जागी थांबवावं लागतं, टाका चुकला की कोपरा तिरका येतो. कोपरे सरळ आहेत ना?

ओसरीवरची
सरळ आहेत. पट्टी लावून बघितलं.

एक_खांब_दोन_साखळ्या
मग तुझ्या मामी उस्ताद आहेत. रंग राहू दे बाजूला.
जाता जाता: वापर की ठेव, पहिल्यांदा गार पाण्यात वेगळं भिजव. राणी रंगाचा सुती दोरा पाणी सोडतो आणि पोपटीवर उतरतो. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो म्हणतात, मला तरी अनुभव नाही. पिळू नको, टॉवेलवर आडवं वाळव, लटकवलंस तर लांबेल.

चष्मेबहाद्दर
एक वेगळा मुद्दा. मी डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते, डॉक्टर नाही. "ऑपरेशन व्हायच्या आत" म्हणजे मोतीबिंदूचं असणार असं गृहीत धरते. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळट-तपकिरी होतं, सगळं जुन्या काचेतून बघितल्यासारखं मळकट दिसतं. हे वर्षानुवर्षं सावकाश होतं म्हणून माणसाला जाणवत नाही. ऑपरेशन करून नवं भिंग बसवलं की पहिल्याच आठवड्यात लोक सांगतात, भिंत एवढी पांढरी होती का, साडी एवढी निळी होती का! माझ्या मते मामींनी जो राणी विणला तो त्यांना आपल्याला दिसतो तेवढा भडक दिसलाच नसेल. कोपऱ्यातल्या चक्रात फेरीचा रंग चुकला, तोही त्यातलाच प्रकार असू शकेल. संध्याकाळच्या उजेडात असं होतं.

खडूफळा
चष्मेबहाद्दर, हे वाचून अंगावर काटा आला.

सडेतोड_सातारकर
असं असेल तर उलट सोपं झालं. पत्रात लिहा की ऑपरेशननंतर रंग बघा, तुमचं तुम्हालाच कळेल. विषय त्यांच्या डोळ्यांवर गेला, तुमच्यावर काही नाही.

चष्मेबहाद्दर
अहो, देवाशपथ असं लिहू नका! मी कारण सांगितलं ते ओसरीवरचीला राग येऊ नये म्हणून. मामींना सुनावायला नाही. आणि माझा अंदाज चुकीचाही असेल, काहींना भडक रंग मनापासून आवडतात. माझ्या आईला आवडायचे.

घड्याळवाला_मामा
मी देणाऱ्याच्या बाजूनं बोलतो. भाच्याला लग्नात भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ दिलं. पत्र काय सुंदर आलं! "मामा, दर तासाला ठोका पडला की तुमची आठवण येते." दोन वर्षांनी त्याच्याकडे गेलो, भिंतीवर घड्याळ नाही. पाणी बघायला माळ्यावर चढलो तर तिथं खोक्यात, सेलोफेनसुद्धा काढलेलं नाही. घड्याळ लावलं नाही याचं काही वाटलं नाही हो. ते ठोक्याचं वाक्य मात्र मी चारचौघांना वाचून दाखवलं होतं. त्यानं नुसतं "मामा, घड्याळ मिळालं, तुम्ही एवढ्या लांबून मांडीवर घेऊन आलात ते विसरणार नाही" असं लिहिलं असतं तरी मला पुरलं असतं. ते खरं होतं. एस.टी.त मांडीवरच होतं.

पोस्टातला_बाबू
मामांनी माझं काम हलकं केलं. बघा, त्यांनी स्वतःच पत्राचं वाक्य सांगितलं आणि त्यात "आवडलं" हा शब्दच नाही. वस्तूवर निकाल द्यायचा नाही. मिळाली हे लिहायचं, त्यात काय दिसलं ते लिहायचं, देणाऱ्यानं काय केलं ते लिहायचं. निकाल गाळला म्हणजे खोटं बोलला असं होत नाही.

ओसरीताई, तुमच्याकडे आता माल भरपूर आहे. चौऱ्याऐंशी चक्रं, मागे गाठ नाही, सरळ कोपरे. हे आकडे लिहा. मोजून लिहिलेलं पत्र मामींना शंभर विशेषणांपेक्षा जास्त कळेल, कारण मोजायला बसावं लागतं हे त्यांना माहीत आहे.

वस्तूचं काय केलं याबद्दल एक खरं वाक्य लागेल, नाहीतर ती जागा रिकामी दिसते. सहापैकी एखादी गोष्ट कुठे खरोखर वापरता येईल का?

ओसरीवरची
विचार केला. देवघराचं कपाट जुनं सागवानी आहे, आजेसासूबाईंचं. त्याच्या वरच्या फळीवर समई आणि पितळी डबे असतात. एक आच्छादन तिथं टाकून बघितलं. सागवान आणि पितळेच्या सोबत ते रंग चक्क बरे दिसतात. बाकीची पाच कपाटातच राहतील, सोफ्यावर मी टाकणार नाही.

पोस्टातला_बाबू
झालं तर. एक टाकलंय तर एकच टाकलंय म्हणून लिहा. "सगळी वापरतेय" नको.

वऱ्हाडी_ठेचा
थे मायना कसा लिवता आता? तीर्थरूप लिवाचं का तीर्थस्वरूप? आमच्या आबानं शिकवलं का मोठा दिसला का तीर्थरूप.

पोस्टातला_बाबू
आम्ही शिकलो ते असं: तीर्थरूप फक्त आई-वडिलांना, बाकी वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. पण "ती." एवढंच लिहिलं की दोन्ही वाचता येतं. पूर्वीच्या हुशार लोकांनी असे पुष्कळ वाद त्या एका टिंबात मिटवले आहेत. मामा हयात असतील तर "ती. सौ. मामी यांस", पुढे "शि. सा. नमस्कार".

वऱ्हाडी_ठेचा
आबा चुकीचा नोहता पर. आमच्याकडं काकाले बी तीर्थरूपच.

पोस्टातला_बाबू
तुमच्या आबांशी मी कुठला भांडणार!

ओसरीवरची
मामा आहेत, ठणठणीत. हे बघा, चौथ्या प्रयत्नातलं:

"ती. सौ. मामी यांस,
शि. सा. नमस्कार.
तुमचं पार्सल मंगळवारी पोचलं. कोपरा सुद्धा दुमडला नव्हता, मामांनी पॅकिंग केलं असणार.
काल रात्री सगळं जमिनीवर पसरून बसले. चौऱ्याऐंशी चक्रं मोजली. मागे एकही गाठ सापडली नाही. मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, शेवटच्या फेरीत जोडत नेलंय, हे सगळ्यांना जमत नाही. हिवाळाभर तुम्ही खिडकीशी बसून हे विणत होतात आणि आम्ही इकडे टाइल कुठली लावायची यावर भांडत होतो, हे डोळ्यांपुढे आलं. एका कोपऱ्यातल्या चक्रात राणीची एकच फेरी आहे. ते चक्र मला सापडलंय, ते मी समोर येईल असं ठेवलंय.
ते आच्छादन देवघरातल्या आजींच्या सागवानी कपाटावर, समईखाली घातलंय. बाकीची जपून ठेवली आहेत. सोफा आम्ही मोकळाच ठेवतो, मला तशीच सवय आहे.
तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की कळवा, हे रजा काढून येतील. आणि मामी, आता डोळ्यांना विश्रांती द्या. मला तुमच्याकडून एकच हवंय, ती लसणीच्या चटणीची कृती, तुमच्या हातानं लिहिलेली.
मामांना नमस्कार.
तुमची,
—"

तिखटमीठ
मान्य. माझं "चार गोड शब्द" मागे घेतो. पण "सोफा मोकळाच ठेवतो" हे काढा. ते त्यांना लागेल.

घड्याळवाला_मामा
काढू नका. ते वाक्य माझ्या भाच्यानं लिहिलं असतं तर मी माळ्यावर चढलो नसतो.

खडूफळा
चुकलेलं चक्र दाखवायला हवं होतं का? मला कोणी माझी चूक मोजून दाखवली असती तर दोन दिवस झोप लागली नसती.

एक_खांब_दोन_साखळ्या
विणणाऱ्या बाईला आपली चूक कुठे आहे ते आधीच माहीत असतं गं. तिला धास्ती असते ती समोरच्याला दिसेल याची. ती दिसली आणि तरी समईखाली तेच घातलं, हे वाचून मी तरी सुखावले असते. पण मी म्हणजे मामी नव्हे.

पोस्टातला_बाबू
मी एकच बदल सुचवतो. "विश्रांती द्या" आणि "एकच हवंय" लागोपाठ आलं की "आता विणू नका" असं ऐकू येतं. चटणीचं वाक्य आधी घ्या, ऑपरेशन त्यानंतर, आणि विश्रांतीचं डॉक्टरांवर सोडा. बाकी हात लावू नका. आंतर्देशीयवर मावणार नाही, पाकिटात घाला.

सडेतोड_सातारकर
एवढा खटाटोप एका पत्रासाठी. पण वाचताना मलाच माझ्या काकूचं एक पत्र राहिलंय ते आठवलं. असो.

ओसरीवरची
सतरा दिवसांनी धागा वर काढतेय. बाबूकाकांनी सांगितलं तसं फिरवून पत्र टाकलं. ऑपरेशन दहा दिवसांपूर्वी झालं, मोतीबिंदूचंच होतं. हे जाऊन आले. काल मामींचं उत्तर आलं. अक्षर पूर्वीपेक्षा बारीक आणि सरळ. चटणीची कृती आहे, सुक्या खोबऱ्याच्या प्रमाणासकट. खाली दोन ओळी:

"पत्र ह्यांना वाचायला दिलं नाही, स्वतः वाचलं. एवढं सगळं मोजलंस, रंगाबद्दल काही लिहिलं नाहीस. उरलेल्या गुंड्या काल उजेडात बघितल्या. तुझ्या सोफ्याचा रंग कोणता आहे ते कळव."

आता?

तिखटमीठ
हाहाहा. मामी तुमच्या वरच्या निघाल्या.

सडेतोड_सातारकर
त्यांनीच विचारलंय. आता लिहा सरळ, की भडक वाटला.

खडूफळा
करडा असं लिहिलंस की करड्या रंगाची पाच आच्छादनं येणार. माझ्या मोत्यांची शपथ.

पोस्टातला_बाबू
थेट विचारलं की थेट उत्तर द्यावं लागतं, तिथे गाळून चालत नाही. रंग मला भडक वाटला हे लिहा, एका वाक्यात, आणि समईखाली मात्र तो शोभतो हेही, कारण तेही खरं आहे. सोफ्याच्या रंगाचं काय लिहावं ते मला सुचत नाहीये. करडा लिहिलं तर खडूफळाताई म्हणतात ते होणार, आणि न लिहावं तर बाईंनी सरळ विचारलंय.

एक_खांब_दोन_साखळ्या
करडा लिही आणि मिरजेला जा. दोरा आणायला दोघी मिळून जा. तेवढ्यात काय ते बोलणं होईल.

ओसरीवरची
पुढच्या शनिवारची गाडी बघतेय. चटणी मात्र केली काल. खोबरं त्यांनी लिहिलंय त्याच्या निम्मंच घातलं, तेही आता सांगावं लागणार.